माका येत होतां

"मावशे, ह्यां तर माका येत होतां!" दुपारी पडवीत बसून भाचा एवढंच म्हणाला आणि गप्प झाला.

बारावीचा फिजिक्स सहा गुणांनी राहिलाय. समोर बोर्डाचा पेपर आणि शेजारी त्याने सोडवलेल्या जुन्या पेपरांची वही. दोन गुणांच्या बारा प्रश्नांपैकी आठ लिहायचे होते, याने पाचच लिहिले.

कोरा सोडलेला एक प्रश्न असा: साध्या लंबकाची लांबी ४४ टक्के वाढवली तर आवर्तकाल किती टक्के वाढेल? वहीत लंबकाची तीन गणितं होती, तिन्हींत लांबी दिलेली आणि आवर्तकाल काढायचा. इथे लांबीच दिली नव्हती, म्हणून याला प्रश्न नवा वाटला.

सूत्र तेच, T = 2π√(L/g). लांबी १.४४ पट, तर आवर्तकाल त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२ पट. वीस टक्के. शांतपणे बसल्यावर त्याने दोन मिनिटांत काढलं.

मग सुटलेले सातही प्रश्न तपासले. खरोखर अनोळखी तीनच. बाकी चारांत सूत्र ओळखीचं, विचारणं वेगळं. आठ गुण तिथेच होते! पण आठच प्रश्नांची मर्यादा असल्याने त्यातले तीनच लिहून सहा मिळाले असते. नेमके सहा.

वही पुन्हा चाळली. उत्तरं बरोबर, पण खाडाखोड कुठेच नाही. विचारलं तर म्हणाला, गाईड उघडं ठेवून सोडवायचो.

पुरवणी परीक्षेसाठी आता गाईड माझ्या कपाटात. जुनं गणित सोडवलं की त्यातलं दिलेलं लपवायचं, उत्तर दिलेलं धरायचं आणि उलट सोडवायचं. आज लंबकावरून g काढताना त्याने दोनदा खोडलं. मला फार बरं वाटलं.

तुमच्या मुलांच्या वहीत खाडाखोड असते का?