जनता घड्याळाचा २२ मिनिटांचा व्हिडिओ आणि २८ टक्के: चॅनलची तीन महिन्यांची नोंद

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की एचएमटी जनताच्या पूर्ण सर्व्हिसिंगचा व्हिडिओ टाकलाय आणि आकडे आले की सांगतो. तर आकडे आलेत, आणि पहिले दोन आठवडे मी ते पूर्ण उलटे वाचत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी दोन व्हिडिओ समोर ठेवतो. एक आहे "चावीचं घड्याळ रोज किती वळवायचं", लांबी ४ मिनिटं १० सेकंद. दुसरा जनताचा, २२ मिनिटं, त्यात मागचं झाकण उघडण्यापासून बॅलन्स, म्हणजे घड्याळातलं डोलणारं चाक, परत बसवून टाइम लावेपर्यंत सगळं आहे. पहिल्या २८ दिवसांत छोट्याला २,३०० व्ह्यूज, ॲव्हरेज व्ह्यू ड्युरेशन २:२५ आणि ॲव्हरेज पर्सेंटेज व्ह्यूड ५८ टक्के. मोठ्याला १,८४० व्ह्यूज, ड्युरेशन ६:०६ आणि पर्सेंटेज २८. मी फक्त तो २८ बघितला आणि ठरवूनच टाकलं की लांब व्हिडिओ लोकांना नकोत, यापुढे सगळं पाच मिनिटांच्या आत.

मग एका रविवारी वही घेऊन बसलो आणि साधा गुणाकार केला. छोटा, २,३०० गुणिले २ मिनिटं २५ सेकंद, म्हणजे साधारण ९३ तास. मोठा, १,८४० गुणिले ६ मिनिटं ६ सेकंद, म्हणजे साधारण १८७ तास. कमी लोकांनी उघडला तरी दुप्पट वेळ बघितला गेला! ज्यांचं अजून मॉनेटायझेशन व्हायचंय आणि जे बारा महिन्यांत ४,००० तासांच्या मागे आहेत त्यांना हा फरक लगेच कळेल, कारण तिथे तासच मोजतात, टक्के कोणी विचारत नाही (आणि शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत हेही लक्षात ठेवा, बरेच जण तिथे फसतात).

आता दोन्ही आकडे मुळात काय आहेत ते बघू. ड्युरेशन म्हणजे एकूण बघितला गेलेला वेळ भागिले व्ह्यूज. पर्सेंटेज म्हणजे तीच ड्युरेशन भागिले व्हिडिओची लांबी. बास, एवढंच. वरचा आकडा एकच आहे, खाली लांबी आली की टक्के होतात. म्हणून ४ मिनिटं १० सेकंदांच्या व्हिडिओत कोणी कितीही मन लावून बघितलं तरी, मागे जाऊन परत बघितलेलं सोडलं तर, एका माणसाकडून ४:१० च्या वर काही मिळत नाही, तिथे ड्युरेशनला छतच आहे. आणि २२ मिनिटांच्या व्हिडिओत टक्के वर न्यायचे तर माणसाला जेवण होईपर्यंत बसवून ठेवावं लागतं. म्हणून लहान व्हिडिओत मी टक्के बघतो आणि मोठ्यात मिनिटं बघतो. यूट्यूबच्या लोकांनीही क्रिएटर्सना साधारण हेच सांगितलंय, छोट्या व्हिडिओला सापेक्ष वेळ जास्त महत्त्वाची आणि मोठ्याला प्रत्यक्ष वेळ.

पण खरं शिकायला मिळालं ते पुढे. ६:०६ ही सरासरी आहे, आणि रिटेन्शनचा ग्राफ उघडला तेव्हा दिसलं की सहा मिनिटांच्या आसपास उठून जाणारा माणूस जवळजवळ नाहीच. ३० सेकंदांवर ६० टक्के लोक शिल्लक होते. मग रेषा हळूहळू उतरत साताठ मिनिटांपर्यंत येते आणि तिथून पुढे जवळजवळ सपाट, अगदी शेवटपर्यंत. वहीत मी १०० माणसं मांडली. ४० जण सरासरी १५ सेकंदांत गेले, ४० जण सरासरी ५ मिनिटं थांबले, २० जण सरासरी २० मिनिटं बसले. बेरीज ३६,६०० सेकंद, भागिले १०० म्हणजे ३६६ सेकंद, म्हणजे बरोबर ६:०६. ही मांडणी ढोबळ आहे, पण ग्राफशी जुळते. त्या वीस जणांनी एकट्यांनी २४,००० सेकंद दिलेत, एकूण वेळेच्या जवळपास दोन तृतीयांश! हे कोण आहेत ते कमेंट्समधून कळतंच, ज्यांच्या टेबलावर वडिलांचं बंद पडलेलं जनता उघडून ठेवलंय ते लोक. एकाने लिहिलं, "दादा, बॅलन्स बसवतानाचा भाग अजून हळू दाखवा, माझी हेअरस्प्रिंग प्रत्येक वेळी अडकते."

आता इथे एक गंमत करून बघितली, कागदावरच. समजा शेवटची तीन मिनिटं, जिथे मी केस पॉलिश करतो आणि नवा पट्टा लावतो, ती कापून टाकली. व्हिडिओ १९ मिनिटांचा. पहिल्या ८० जणांना काहीच फरक नाही, ते आधीच गेलेत. शेवटचे वीस सरासरी २० ऐवजी १८ मिनिटं बघतील. नवी सरासरी ५:४२, आणि टक्के ३०. म्हणजे टक्के २८ वरून ३० वर गेले, स्टुडिओत हिरवा बाण दिसला असता आणि मी खूश झालो असतो, पण प्रत्यक्षात प्रत्येक व्ह्यूमागे २४ सेकंद गेले आणि तेही सगळ्यात जीव लावून बघणाऱ्या वीस जणांचे. एकाही माणसाचं मन बदललं नाही, फक्त छेद लहान झाला.

याच्या उलट, शेपूट तशीच ठेवून सुरुवात सुधारली तर? १५ सेकंदांत जाणाऱ्या ४० पैकी १५ जण थांबले आणि मधल्या गटात आले असं धरलं, तर सरासरी ६:४९ आणि टक्के ३१. इथे दोन्ही आकडे वाढले. म्हणून आता माझी खूण अशी, की लांबी बदलून टक्के वर गेले आणि मिनिटं खाली आली तर सुधारणा झाली असं मानायचं नाही, त्याच लांबीत दोन्ही वर गेले तरच काहीतरी खरं घडलंय.

मग जनताच्या सुरुवातीला काय होतं ते परत बघितलं. ४८ सेकंद मी नमस्कार, चॅनलची ओळख, एचएमटीचा इतिहास, १९६१ ला बेंगळुरूला सिटिझनच्या सहकार्याने कारखाना, असं बोलतोय आणि घड्याळ स्क्रीनवर एका कोपऱ्यात. इतिहास मला मनापासून आवडतो पण जो माणूस बंद घड्याळ घेऊन आलाय त्याला आधी घड्याळ बघायचंय. आणि ग्राफमध्ये एक उंचवटा होता, १४:२० ला. तिथे मी चिमट्याने बॅलन्स अलगद खाली सोडतो, पिव्हट दगडात बसतो, पॅलेट फोर्कला धक्का लागतो आणि इतका वेळ मेलेलं चाक एकदम डोलायला लागतं. लोक मागे जाऊन तो क्षण परत बघत होते. (उंचवट्याचा अर्थ नेहमी आवड असाच नसतो हं, काही वेळा पायरी कळली नाही म्हणूनही लोक मागे जातात, वरच्या कमेंटसारखं. दोन्हीकडून मला उपयोगच आहे.) आणि ८:३० ते ११ मध्ये, जिथे पार्ट्स धुतोय, तिथे चॅप्टर वापरून लोक सरळ पुढे उड्या मारत होते.

पुढचा व्हिडिओ एचएमटी पायलटचा केला, मुद्दाम २१ मिनिटांचा, म्हणजे तुलना करता यावी. पहिल्या सहा सेकंदांत ते डोलणारं चाक, एकदम जवळून, आवाजासकट. मग लगेच बंद पायलट हातात आणि झाकण उघडायला सुरुवात. ओळख गेली, इतिहास मेन स्प्रिंग मोकळी करताना बोललो कारण तिथे हात तसाही सावकाश चालतो. धुण्याचा भाग ४० सेकंदांवर आणला. निकाल असा, ३० सेकंदांवर ७१ टक्के, ड्युरेशन ७:०४, पर्सेंटेज ३४. लांबी जवळपास तीच असल्यामुळे इथे २८ आणि ३४ शेजारी ठेवता येतात. स्टुडिओ रिटेन्शनच्या ग्राफवर आपल्याच साधारण तेवढ्या लांबीच्या व्हिडिओंचा नेहमीचा पट्टा दाखवतो, माझी रेषा पहिल्यांदाच त्याच्या वर होती.

त्यानंतर एक १२ मिनिटांचा केला, फक्त डायल आणि काटे काढणं-बसवणं. पर्सेंटेज ४३! मित्राने फोन करून सांगितलं की बघ, हाच तुझा फॉर्म्युला, बारा मिनिटं. पण ड्युरेशन ५:१०, म्हणजे पायलटपेक्षा जवळपास दोन मिनिटं कमी. मग दोन्ही ग्राफ एकाच मिनिटाला तपासले. पाचव्या मिनिटाला पायलटमध्ये ४४ टक्के लोक शिल्लक, या बारा मिनिटांच्यात ४६. पाच मिनिटांपर्यंत दोन्ही व्हिडिओंनी माणसं जवळपास सारखीच धरून ठेवली होती! ३४ आणि ४३ मधला बहुतेक फरक लांबीचाच. तेव्हापासून वेगवेगळ्या लांबीचे व्हिडिओ असले की मी सरासरी बाजूला ठेवतो आणि ठरावीक मिनिटाला किती जण शिल्लक आहेत तेच बघतो, ३० सेकंद, २ मिनिटं, ५ मिनिटं, १० मिनिटं, वहीत चार रकाने.

शॉर्ट्सचं थोडक्यात. बॅलन्स डोलायला लागतो तेवढाच ३८ सेकंदांचा तुकडा टाकला, ८४ टक्के, म्हणजे ३२ सेकंद. तिथे ड्युरेशन बघून काही कळत नाही, टक्केच बघावे लागतात, आणि लूप होत असल्यामुळे ते १०० च्या वरही जातात. त्याच्याही आधी किती जणांनी स्वाइप न करता थांबून बघितलं ते बघा. शॉर्टचे ८४ आणि पायलटचे ३४ एका रांगेत लावू नका, एवढं कळकळीने सांगतो.

अजून एक, कारण यावरून दोन जणांनी विचारलं. पायलटचे टक्के तिसऱ्या आठवड्यात ३४ वरून ३१ वर आले आणि मी घाबरलो होतो. ट्रॅफिक सोर्स उघडला तर व्हिडिओ होम फीडवर जायला लागला होता. सर्चमधून येणारा माणूस घड्याळ उघडून बसलेला असतो, फीडवरचा सहज बोट लावून येतो, त्यामुळे गर्दी वाढली की सरासरी उतरतेच. सर्चवाल्यांची ड्युरेशन वेगळी काढून बघितली, ती आठ मिनिटांच्या वरच होती, जागची हललेली नव्हती. व्हिडिओला हात लावला नाही.

सध्या टेबलावर एक जनता आहे, आत पाणी गेलेलं, डायल काळवंडलेली. अंदाजे २५ मिनिटांचा होईल. हेअरस्प्रिंगचा भाग या वेळी अर्ध्या वेगात दाखवणार आहे, ज्याने विचारलं होतं त्याच्यासाठी, आणि पॉलिश-पट्ट्याची शेवटची तीन मिनिटं आहेत तशी ठेवणार आहे.