चार चॅनेलांत सहा थर

कोकणातल्या एका गावाचा भूभाग आम्ही मोबाइल गेमसाठी उभा करत होतो. लाल माती, गवत, भातखाचराचा चिखल आणि नदीची वाळू असे चार थर बसले होते. त्या दिवशी आर्टिस्टने जांभ्याची पायवाट हा पाचवा थर लावला आणि मधल्या दर्जाच्या फोनवर गेम अडखळायला लागला.

गेम युनिटीत बनत होता. फ्रेम कशी टप्प्याटप्प्याने काढली जाते ते दाखवणाऱ्या तिच्या Frame Debugger मध्ये जमिनीचा प्रत्येक तुकडा दोनदा काढलेला दिसला. स्प्लॅटमॅप हे चार चॅनेलांचं चित्र असतं. कुठल्या जागी कोणता थर किती दिसावा, ते वजन एकेका चॅनेलमध्ये साठवतात. पाचव्या थराला दुसरा स्प्लॅटमॅप लागतो आणि त्यासाठी युनिटीची नेहमीची टेरेन पद्धत तीच जमीन पुन्हा काढून आधीच्या रंगात मिळवते. एका अरुंद वाटेसाठी अख्खा डोंगर दोनदा!

"यातलं काय काढू? खाचर काढलं तर कोकण कसं वाटेल?" आर्टिस्टने विचारलं. त्याचं म्हणणं रास्त होतं.

पण पाचही वजनांची बेरीज नेहमी 1 असते. म्हणजे चार माहीत असली की पाचवं आपोआप निघतं, ते साठवायची गरजच नाही. लाल माती सगळीकडे अंथरलेली, म्हणून तिला 'उरलेला' थर केलं. रंगवणं युनिटीतच पाच थरांत चालू ठेवलं. बिल्डच्या वेळी एक स्क्रिप्ट मातीचं वजन गाळून बाकीची चार एका चित्रात लिहायची आणि टेरेनचा मेश करून त्याला आमचा शेडर लावायची. कड्याचा कातळ तर उतारावरूनच ठरतो, त्यालाही चॅनेल नको:

```
float4 w = tex2D(_Control, uv);
float soil = saturate(1 - dot(w, float4(1,1,1,1)));
float rock = smoothstep(0.3, 0.45, 1 - n.y);
```

इथे n म्हणजे जमिनीचा नॉर्मल. साधारण 45 अंशांच्या उताराच्या पुढे कातळ दिसायला लागतो.

पहिल्या बिल्डमध्ये भातखाचरांवर लाल चौकोनी ठिपके उठले. ठिपके फक्त मातीचेच होते, त्यावरून कारण सापडलं. स्प्लॅटमॅप कॉम्प्रेस झाला होता, त्यामुळे चारही वजनं थोडी थोडी हलली होती आणि ती सगळी चूक उरलेल्या थरात जमा होत होती. चित्र RGBA32 ठेवल्यावर ठिपके गेले. 512 × 512 ला त्याची किंमत 1 एमबी, ती आनंदाने दिली.

जमीन आता एकदाच काढली जाते आणि फोनवरचं अडखळणं थांबलं. सातव्या थराला मात्र इथे जागा नाही. सहा थरांचे रंग आणि नॉर्मल मॅप मिळून 12 टेक्स्चर, वर स्प्लॅटमॅप, सावली आणि लाइटमॅप धरून 15 होतात. OpenGL ES 3.0 फ्रॅगमेंट शेडरला खात्रीने देतं ती 16. सातवा हवाच असेल, तर सगळे थर एकाच मापाचे करून टेक्स्चर ॲरेत टाकावे लागतील.