टक्केवारीच्या आजूबाजूचे शब्द

तुम्ही विचारलंत म्हणून: ‘क्लाउड सेवेच्या एसएलएमध्ये, म्हणजे सेवेच्या दर्जाची हमी देणाऱ्या करारात, निम्मे आकडेच असतात आणि ते जसेच्या तसे उतरवायचे असतात, मग भाषांतराला एवढा वेळ का लागतो?’

वेळ जातो तो आकड्याच्या मागच्या-पुढच्या शब्दांवर. समजा, करारात ९९.९ टक्के मासिक उपलब्धतेची हमी आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, म्हणजे सेवा ४३.२ मिनिटे बंद राहिली तरी हमी मोडत नाही. ती ५० मिनिटे बंद पडली, तर उपलब्धता ९९.८८४ टक्के भरते आणि पहिल्या पायरीचे १० टक्के क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बिलातून होणारी वजावट, लागू होते. वाचायला सोपे जावे म्हणून कोणी हा आकडा एका दशांश स्थळापर्यंत आणला, की तो ९९.९ होतो आणि क्रेडिट नाहीसे होते. म्हणून करारात सांगितल्याशिवाय मी उदाहरणातला आकडासुद्धा पूर्णांकित करत नाही.

पायऱ्यांच्या तक्त्यात ‘ते’ हा शब्दही मी टाळतो. ‘९५ ते ९९’ आणि ‘९९ ते ९९.९’ असे लिहिले, तर नेमकी ९९.० टक्के उपलब्धता दोन्ही ओळींत बसते, आणि दोन ओळींचे क्रेडिट वेगळे असते. ‘९९.९ टक्क्यांपेक्षा कमी, परंतु ९९.० टक्के किंवा त्याहून अधिक’ हे वाक्य कानाला जड लागते, पण त्यात सीमेवरचा आकडा कोणत्या ओळीचा, हे ठरलेले असते.

खरी कसोटी अपवादांच्या कलमात लागते. एका मसुद्यात उपलब्धतेच्या हिशेबातून नियोजित किंवा तातडीची देखभाल वगळली होती, आणि ‘किमान ७२ तास आधी कळवलेली’ हा भाग इंग्रजीत त्या दोन्हींच्या मागून आला होता. तो दोन्हींना लागतो की फक्त शेवटच्या शब्दाला, हे इंग्रजी वाक्य सांगत नव्हते. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे मला ते कुठेतरी ठेवणे भाग होते. ‘किमान ७२ तास आधी कळवलेली नियोजित किंवा तातडीची देखभाल’ असे लिहिले, तर सूचनेची अट दोन्हींवर पसरते. ‘नियोजित देखभाल किंवा किमान ७२ तास आधी कळवलेली तातडीची देखभाल’ असे लिहिले, तर ती फक्त तातडीच्या देखभालीवर राहते.

आता वरच्या ५० मिनिटांपैकी २० मिनिटे नियोजित देखभालीची होती आणि ती ७२ तास आधी कळवलेली नव्हती, असे धरा. पहिल्या वाचनानुसार ती वगळली जात नाहीत, उपलब्धता ९९.८८४ टक्केच राहते आणि क्रेडिट मिळते. दुसऱ्या वाचनानुसार ती वगळली जातात, ३० मिनिटे उरतात, उपलब्धता ९९.९३१ टक्के होते आणि क्रेडिट मिळत नाही. सगळे आकडे जागेवर असताना एका विशेषणाच्या जागेने निकाल उलटतो. अशा वेळी मी स्वतःच्या अंदाजाने वाक्य पक्के करत नाही. दोन्ही वाचने उदाहरणासह लिहून पाठवतो आणि लेखी उत्तर आल्यावरच मजकूर बंद करतो. मतभेद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल, अशी तरतूद बऱ्याच करारांत असते. पण मराठी प्रत वाचून ज्याने दावाच केला नाही, त्याची मुदत तोवर निघून गेलेली असते.

सुरुवातीच्या काळात मी ‘सर्व्हिस क्रेडिट’साठी ‘परतावा’ असा शब्द वापरला होता. ग्राहक कंपनीच्या वकिलांनी तो लाल शाईने खोडला आणि ते बरोबर होते. परतावा म्हणजे पैसे हातात परत येणे. हे क्रेडिट त्या करारानुसार पुढच्या बिलातून वजा होणार होते, तेही ठरलेल्या मुदतीत मागितले तरच, आणि संपूर्ण बिलावर नव्हे तर बाधित सेवेच्या मासिक शुल्कावर. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द तर त्याहून घातक, कारण क्रेडिटपलीकडे कोणताही दावा करता येणार नाही, असे बहुधा तोच करार सांगत असतो. तेव्हापासून मी ‘सेवा क्रेडिट’ असेच लिहितो. ते शुद्ध मराठी नाही, ही तक्रार मला मान्य आहे.

एक अडचण लिपीची आहे. इंग्रजी करारात व्याख्या दिलेली संज्ञा मोठ्या अक्षराने सुरू होते, त्यामुळे ‘डाउनटाइम’ हा शब्द व्याख्येतला की बोलण्यातला, हे नजरेला कळते. देवनागरीत ती सोय नाही. मी व्याख्येतल्या संज्ञा ठळक अक्षरांत ठेवतो आणि एका संज्ञेला शेवटपर्यंत एकच शब्द वापरतो. व्याख्येत अनुपलब्ध काळ म्हणजे सलग पाच मिनिटे एकाही विनंतीला उत्तर न मिळणे असे म्हटले असेल, तर पुढे कुठेही ‘सेवा बंद असताना’ असे लिहीत नाही, कारण चार मिनिटांचा खंड वाचणाऱ्याच्या लेखी बंदच असतो आणि करारात तो मोजलाच जात नाही.