एका धाग्यातलं 30 टक्के

बारावीला जीवशास्त्र शिकवताना चाचणीत मी एक गणित हमखास घालतो. दुहेरी धाग्याच्या डीएनएत ॲडेनिन 30% असेल, तर बाकीचे तीन किती? ॲडेनिनसमोर थायमिनच बसतं, म्हणून तेही 30%. उरले 40. ग्वानिनची जोडी सायटोसिनशी, म्हणून दोघांना वीस-वीस.

यंदा प्रश्न टाइप करताना माझ्या हातून ‘दुहेरी धाग्याच्या डीएनएत’ऐवजी ‘डीएनएच्या एका धाग्यात’ असं गेलं. पेपर तपासतानाही ते लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांची उत्तरं ओळखीचीच होती. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, ‘माहिती अपुरी आहे.’ मी शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. “सर, 30% थायमिन समोरच्या धाग्यात आहे. याच धाग्यात किती, ते कुठे दिलंय?” तिनं वहीत दहा-दहा अक्षरांचे दोन धागे मांडून आणले होते.

```
AAATGGGCCG
TTTACCCGGC
```

वरच्या धाग्यात तीन ॲडेनिन, म्हणजे 30%. पण दोन्ही धागे मिळून वीस अक्षरं, त्यांत ॲडेनिन चार आणि थायमिनही चार. म्हणजे 20% प्रत्येकी, आणि ग्वानिन-सायटोसिन 30% प्रत्येकी. मी बरोबर धरलेल्या उत्तराच्या नेमकं उलट! मी वही हातात घेऊन पुन्हा पुन्हा मोजलं.

मग आम्ही दोघांनी ते पुढे नेलं. एका धाग्यातलं थायमिन म्हणजेच समोरच्या धाग्यातलं ॲडेनिन. म्हणून पूर्ण डीएनएतलं ॲडेनिन हे एका धाग्यातल्या ॲडेनिन आणि थायमिन यांची सरासरी असतं. इथे 30 आणि 10, सरासरी 20. त्या धाग्यात थायमिन शून्यापासून 70% पर्यंत काहीही असू शकतं, तेव्हा पूर्ण डीएनएत ॲडेनिन 15 ते 50 टक्क्यांमध्ये कुठेही पडेल. जोडीचा नियम धाग्याच्या आरपार लागतो, लांबीच्या दिशेनं नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं वर्गात बोललोच नव्हतो.

तासाला मी फाय-एक्स-174 या विषाणूची गोष्ट सांगितली. जिवाणूंना ग्रासणाऱ्या या विषाणूच्या डीएनएत ॲडेनिन सुमारे 24% आणि थायमिन 31%. मोजमापात अर्धा-एक टक्का इकडेतिकडे होतोच. माणसाच्या डीएनएच्या जुन्या मोजणीत ॲडेनिन 30.9 आणि थायमिन 29.4 आलं होतं. पण सात टक्क्यांची तफावत चुकीत बसत नाही. हा डीएनए एकेरी धाग्याचा आहे, हे रॉबर्ट सिन्शायमर यांनी 1959 मध्ये दाखवलं, त्यात या न जुळणाऱ्या आकड्यांचा मोठा वाटा होता.

तिचे गुण मी तिच्यासमोरच दुरुस्त केले. बाकीच्यांना प्रश्न पुन्हा दिला, या वेळी ‘त्याच धाग्यात थायमिन 10%’ एवढं जोडून.