बाजींचा अंगरखा

आज पावनखिंडीचं कच्चं चित्र आलं आणि दिवस वाया गेला. तसा माझ्यामुळेच गेला म्हणा.

पहिली चित्रसूचना माझीच होती: ‘रक्तबंबाळ बाजीप्रभू, पायाशी प्रेतांचा खच.’ ती परत आली, चौथीच्या मुलांना हे नको म्हणून. मान्य. मी घाईत दोन्ही शब्द खोडले आणि खाली लिहिलं, ‘रक्त नको, प्रेतं नकोत.’ चित्रकार काकांनी तेवढंच ऐकलं. आज जे बाजी आले त्यांचा अंगरखा परीटघडीचा, मिशीला पीळ, हातात पट्टा. धाकटीनं डोकावून विचारलं, ‘हे कुठं निघालेत?’

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. रक्त काढलं तर काढलं, पण मरण इतकं इस्त्री केलेलं? रात्रभर आषाढाच्या पावसात पन्हाळ्याहून चालत आलेली माणसं ही. आणि दोष कुणाला द्यायचा, काय नको ते सांगितलं, काय हवं ते सांगितलंच नाही. एवढी वर्षं हेच काम करते आणि... जाऊ दे.

संध्याकाळी पुन्हा बसले. आधी क्षण बदलला. घाव बसतानाचा नको, विशाळगडावरच्या तोफा ऐकू येतात तो. आता आवाज कागदावर कसा काढणार? म्हणून एका बांदल मावळ्याची मान गडाकडे वळलेली, बाकीच्यांची तोंडं अजून खिंडीकडेच. मग ‘रक्तबंबाळ’च्या जागी लिहिलं: ‘अंगरखा चिखलानं जड, बाही फाटलेली, डावा खांदा शेल्यानं आवळून बांधलेला, पाठ खडकाला टेकलेली, पट्ट्याचं टोक खाली झुकलेलं.’ खच गेला, त्याजागी चिखलात एक पागोटं आणि चिरलेली ढाल. सिद्दी मसूदची माणसं दातओठ खाणारी नकोत, तीही दमलेली, चढावर पाय घसरणारी. आणि खिंड इतकी अरुंद की एका वेळी दोघंतिघंच वर येऊ शकतील. खरं तर हेच आधी सुचायला हवं होतं. तीनशेजणांनी एवढी फौज कशी अडवली हे त्या अरुंदपणातच आहे, माझ्या त्या खचात ते झाकलंच गेलं होतं.

लाल रंग फक्त पागोट्याला. तेही विटकं लिहिलंय, कारण चित्र छापून येणार पाव पानात, आणि तेवढ्या आकारात चिखलातला लालभडक ठिपका थारोळंच वाटतो. मग पुन्हा शेरा, पुन्हा मी.

तरी खुटखुट आहेच. बाजी तिथं पडले, ते या चित्रात कुठं आहे? शेल्याच्या गाठीत आहे, असं स्वतःला सांगतेय. धाकटीला नवी सूचना वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘त्यांना बसू दे ना आता.’

बसवता येणार नाही. पण ‘गुडघा किंचित वाकलेला’ एवढं घातलं आणि रात्री अकराला काकांना पाठवून दिलं. त्यांचा अंगठा आला लगेच. वाचलं की नाही, देव जाणे.