फक्त उत्तर सांगा, मॅडम

पत्र वहीच्या मधल्या पानात घडी घालून ठेवलेलं होतं. वही तपासायला घेतली आणि ते माझ्या मांडीवर पडलं. दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, वडिलांच्या हस्ताक्षरात. पालकांशी माझं बोलणं बहुतेक फोनवर, आणि तेही गुणांवरून होतं. हाताने लिहिलेलं पत्र किती वर्षांनी आलं असेल कोण जाणे.

"आदरणीय मॅडम," असं सुरू करून त्यांनी लिहिलं होतं, "मुलगा अभ्यासाला बसतो, चुकारपणा करत नाही. पण मी काही समजावायला गेलो की कान बंद करतो. 'बाबा, फक्त उत्तर सांगा.' कारण सांगायला लागलो की पेन टेबलावर आपटतो. उत्तर मिळालं की शांत. मला गणित येतं, मी त्याला चांगलं समजावू शकतो, पण त्याला नकोच आहे. परवा मी चिडून बोललो, तर तो रडला. नववीतला मुलगा उत्तरासाठी रडतो, याचं मला काय करायचं ते कळत नाही. तुम्ही त्याला समजवा."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात एकच शब्द आला: आळस. वीस वर्षं शिकवूनही हाच शब्द आधी येतो, याचं आता वाईट वाटतं. आमच्या स्टाफरूममध्ये पत्राचा विषय काढला, तर शेजारच्या सरांनी विचारलं, "चाचणीत किती आहेत?" मी म्हटलं, साठपैकी शेहेचाळीस. "मग काय प्रॉब्लेम आहे? उत्तरं येतायत ना." आमच्या धंद्यातलं मोठं दुखणं या एका वाक्यात आहे, आणि ते सर वाईट शिक्षक नाहीत.

मग मी त्याची वही नीट उघडली. एरवी वही तपासणं म्हणजे शेवटची ओळ बघून टिक करणं. एका बॅचला चाळीस मुलं आणि आठवड्याला तीन बॅच असल्या की दुसरं काही होत नाही. या वेळी प्रत्येक गणित वरून खाली वाचलं. उत्तर चौकटीत, सुबक आणि ठळक होतं. वरच्या पायऱ्या मात्र बारीक अक्षरात, दाटीवाटीने, उरलेल्या जागेत कोंबलेल्या. म्हणजे चौकट आधी भरली होती आणि पायऱ्या नंतर आल्या होत्या. शिवाय गणिताची खरी अडचण जिथे असते नेमकी तिथे एक ओळ गायब. तिच्या आधीची ओळ बरोबर, नंतरची बरोबर आणि मधे उडी. जो स्वतः सोडवतो त्याची खाडाखोड नेमकी तिथेच असते. याच्या वहीत खाडाखोड जवळजवळ नव्हतीच. पालक अशा वहीला स्वच्छ म्हणतात.

शनिवारी क्लास सुटल्यावर त्याला थांबवलं. पत्राचं काही बोलले नाही. एक गणित दिलं: माणूस एका गावाला ताशी ६० किलोमीटर वेगाने गेला आणि त्याच रस्त्याने ताशी ४० ने परत आला. सरासरी वेग किती?

दहा सेकंदांत उत्तर. "अठ्ठेचाळीस."

"कसं?"

"दोन एक्स वाय भागिले एक्स अधिक वाय."

हे सूत्र मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. 'ट्रिक' म्हणून, तांबड्या खडूने चौकट करून. एका मिनिटात एक प्रश्न सोडवायचा असतो, म्हणून.

मी दुसरं गणित दिलं. माणसाने प्रवासाचा अर्धा वेळ ताशी ६० ने गाडी चालवली आणि अर्धा वेळ ताशी ४० ने. आता सरासरी किती? तेवढ्याच आत्मविश्वासाने पुन्हा "अठ्ठेचाळीस." इथे उत्तर ५० आहे. दोन्ही वेगांना सारखाच वेळ मिळाला, म्हणून साधी सरासरी चालते. आधीच्या गणितात अंतर सारखं होतं, वेळ नव्हता. हळू वेगाने जायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे सरासरी ४० कडे झुकते. त्याला मात्र दोन्ही गणितांत ६०, ४० आणि 'सरासरी' एवढंच दिसलं होतं.

मी समजावायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बंद झाला. वडिलांनी लिहिलं होतं तसाच. म्हणून थांबले आणि खूप खालचा प्रश्न विचारला. "ताशी ६० म्हणजे काय रे?"

"स्पीड."

"मग वीस मिनिटांत किती किलोमीटर जाईल?"

त्याने वहीच्या कोपऱ्यात ६० भागिले २० केलं. "तीन."

ताशी साठने जाणारी गाडी वीस मिनिटांत तीन किलोमीटर. तेवढं माणूस अर्ध्यापाऊण तासात चालत जातो. मी काही बोलले नाही, तोही माझ्याकडे बघत राहिला. 'ताशी' या शब्दात एक तास बसलेला आहे, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. त्याच्यासाठी ते आकड्याच्या आधी छापलेलं लेबल होतं. ही पाचवी-सहावीतली गोष्ट. ती सुटली तेव्हापासून मी आणि त्याचे वडील त्याला तिसऱ्या मजल्यावरची स्पष्टीकरणं देत होतो आणि तो जिन्याखाली उभा होता.

मग मी विचारलं, "बाबा समजावतात तेव्हा तुला नक्की काय आवडत नाही?" बराच वेळ तो पेनचं टोपण काढत-घालत राहिला. शेवटी म्हणाला, "समजावून झालं की विचारतात, समजलं का? मग हो म्हणावं लागतं. मग म्हणतात, आता तू सांग."

हे वाक्य गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात आहे. त्याला कारण नको असतं असं नाही. प्रत्येक कारणामागून एक तोंडी परीक्षा येते आणि ती तो नापास होणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. उत्तरामागून काही येत नाही. उत्तर दिलं की माणसं त्याला सोडून देतात.

शिक्षणाच्या अभ्यासात बेनी नावाच्या मुलाची नोंद प्रसिद्ध आहे. स्टॅनली अर्लवँगर यांनी १९७३ साली ती छापली. अमेरिकेतला सहावीतला मुलगा, गणितात चांगला समजला जाणारा. तो ज्या पद्धतीने शिकत होता, तीत मुलाने आपापल्या गतीने चाचण्या सोडवायच्या, त्या उत्तरपत्रिकेशी ताडून तपासल्या जायच्या आणि ऐंशी टक्के बरोबर आलं की पुढचा पाठ. अर्लवँगर यांनी बसून विचारलं तेव्हा कळलं, की बेनी अपूर्णांकाचा दशांश करताना वरचा आणि खालचा आकडा मिळवतो आणि बेरजेत दशांशचिन्ह घालतो: २/१० म्हणजे १.२ आणि ५/१० म्हणजे १.५. असे नियम त्याने स्वतःच बनवले होते, आणि गणित म्हणजे उत्तरपत्रिकेत काय छापलंय ते शोधण्याचा खेळ अशी त्याची समजूत झाली होती. बी.एड.ला असताना हे वाचलं, टिपणं काढली आणि परीक्षेत लिहूनही आले. नंतर मी स्वतः साप्ताहिक चाचण्या आणि उत्तरपत्रिका छापत राहिले, आणि माझ्यासमोर बसलेला बेनी मला दिसला नाही.

त्या शनिवारपासून मी एक गोष्ट बदलली. त्याला उत्तर आधीच देते. गणिताच्या शेजारीच छापून, न मागता. उत्तरासाठी झगडा राहिला नाही की पेन आपटायचं कारणही राहत नाही. आणि मी समजावत नाही. एकच गोष्ट लिहायला सांगते: आकडेमोड न करता, हे उत्तर कशापेक्षा जास्त किंवा कशापेक्षा कमी असायलाच हवं? एक ओळ. ती चुकली तरी 'आता तू सांग' नाही.

पहिल्या दिवशी सरासरी वेगाच्या गणिताखाली त्याने लिहिलं, "४० आणि ६० च्या मधे." पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी मी अंतर दिलं: एका बाजूचे १२० किलोमीटर. जाताना दोन तास, येताना तीन तास. पाच तासांत २४० किलोमीटर, म्हणजे ४८. हे त्याने स्वतः केलं आणि आकडा सूत्राशी जुळला तेव्हा पुन्हा एकदा मोजला. ओळ लिहिली, "५० पेक्षा कमी, कारण तीन तास हळू होता."

मग मी एक गणित उत्तराशिवाय दिलं. तीस किलोमीटर अंतर, जाताना ताशी ३०. जाऊन-येऊन सरासरी ६० यायला हवी, तर परत येताना वेग किती? तो झटकन म्हणाला, "नव्वद." सूत्रात घालून बघ म्हटलं, तर ४५ आलं. मग १२०, मग २००. दोनशेलाही सरासरी ५२ च्या आसपासच राहिली. खरं तर सरासरी ६० हवी तर साठ किलोमीटरसाठी एकच तास मिळतो, आणि तो तास जातानाच संपलेला आहे. उत्तर नाहीच. त्याने पेन ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, येत का नाहीये?"

मी तेव्हाही सांगितलं नाही. फार मोह झाला होता.

यावरून सगळं सुटलं असं वडिलांना लिहिणं खोटं होईल. पुढच्याच आठवड्यात भूमितीत तो पुन्हा "फक्त उत्तर" वर आला. तिथे ही एका ओळीची युक्ती नीट चालत नाही. कोन किती हे आकृतीवरून डोळ्याने अंदाजता येतं, पण दोन त्रिकोण एकरूप का, याला जास्त-कमी असं काही नसतं. शिवाय एका मुलासाठी मी हे करते. चाळीस मुलांच्या बॅचमध्ये प्रत्येकाची ओळ वाचायला माझ्याकडे वेळ नाही आणि क्लास चालवणाऱ्यांना पोर्शन वेळेत संपलेला हवा असतो. वडिलांच्या पत्राला उत्तर लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा कागद फाडला. त्यांना कसं लिहायचं, की तुम्ही चांगलं समजावता हाच त्याच्या भीतीचा अर्धा भाग आहे, आणि उरलेला अर्धा माझ्या तांबड्या खडूचा?

काल साप्ताहिक चाचणीचा पेपर तपासला. नळांचं गणित होतं: एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ? उत्तर दोन तास. याने दोन्हींची सरासरी काढून साडेचार लिहिलं होतं. चौकट केली होती. चौकटीखाली, जिथे काही लिहायला सांगितलेलं नव्हतं, तिथे बारीक अक्षरात ओळ होती: "पण एकटा नळ तीन तासात भरतो, म्हणजे तीनपेक्षा कमी हवं. हे चूक आहे." त्यावर एक खाडाखोड, अर्धवट मोजलेला अपूर्णांक, आणि वेळ संपलेली.

शून्य गुण. एकूण बेचाळीस, गेल्या वेळेपेक्षा चार कमी. वडिलांना आधी तेच दिसेल. म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि पत्राचं उत्तर आज चौथ्यांदा लिहायला घेतलंय.