१२ तारखेची गाडी ११ च्या रात्री: डोंबिवली ते काशी आणि आमचा तक्ता

आईबाबांना काशीला न्यायचं हे गेली तीन वर्षं नुसतं बोलणं चालू होतं, यंदा फेब्रुवारीत शेवटी जमवलं. आम्ही एकूण सात जण, आईबाबा, मी, नवरा, दोन पोरं आणि माझी नणंद. गाडी महानगरी एक्सप्रेस, २२१७७, मुंबई सीएसएमटीहून रात्री १२ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाराणसीला पोचते, तिथेच संपते. या गाडीनेच जायचं ठरलं तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक मोठा कागद घेऊन तक्ता आखला, कारण या गाडीच्या वेळेने आमच्या घरात एकदा रडवलंय.

सात-आठ वर्षांपूर्वी माझे काका-काकू याच गाडीने निघाले होते. तिकिटावर तारीख १५, वेळ ००:१०. ते १५ ला रात्री जेवून, शेजाऱ्यांना किल्ली देऊन साडेअकराला स्टेशनवर पोचले, गाडी लागलेली बघून डब्यात चढले तर त्यांच्या सीटवर दुसरं कुटुंब, त्यांचंही तिकीट बरोबर. टीसीने तिकीट बघितलं आणि म्हणाला, काका तुमची गाडी काल रात्रीच गेली. काकू तिथेच बाकावर बसून रडली. रेल्वेची तारीख रात्री बारा वाजता बदलते, आपली मात्र झोपून उठल्यावर, आणि १२:१० ची गाडी बरोबर या फटीत सापडते.

म्हणून तक्त्याचा पहिला रकाना मी तारखेचा नाही, "घरातून निघायचं" असा केला. आमचं तिकीट १२ फेब्रुवारीचं, पण कागदावर सगळ्यात वर लाल पेनाने लिहिलं, बुधवार-गुरुवार काही डोक्यात न ठेवता ११ तारखेला रात्री ९ ला घर सोडायचं. नवऱ्याची सुट्टी, पोरांच्या शाळेची चिठ्ठी, दूधवाल्याला सांगणं, सगळं ११ धरून. आणि हीच भानगड पलीकडच्या टोकालाही असते हे लक्षात ठेवा. रेल्वेच्या हिशोबात १२ हा दिवस १ आणि १३ हा दिवस २, म्हणजे आपण १३ च्या पहाटे अंधारात पोचणार, आणि हॉटेलवाला खोली देतो दुपारी. आम्ही खोली १२ च्या रात्रीपासूनच बुक केली, एका रात्रीचे पैसे जास्त गेले पण ७२ वर्षांच्या माणसाला पहाटे लॉबीत सोफ्यावर बसवून ठेवायचं मला पटत नव्हतं.

बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. १२ फेब्रुवारीपासून मागे मोजत गेलं की १४ डिसेंबर येतो, सकाळी ८ ला. हे बोटांवर मोजू नका, कॅलेंडरवर टिकमार्क करत मोजा, एक दिवस चुकला तर वेटिंग.

आता सीटचं. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात आणि आम्ही सात, म्हणजे दोन तिकिटं होणारच होती. मग ती सहा आणि एक अशी का करायची? ज्येष्ठांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुष ६० च्या पुढे, बायका ४५ च्या पुढे, पण अट अशी की तिकिटावर एकच माणूस किंवा दोनच माणसं हवीत आणि दोघंही त्या वयातली. आईबाबांना आमच्या तिकिटात घातलं असतं तर हा कोटा मिळालाच नसता, मग वरचा बर्थ आला तर बाबांच्या गुडघ्यांचं काय? म्हणून आधी त्या दोघांचं तिकीट या कोट्यातून काढलं, थ्री एसी, बी३ मध्ये २० आणि २५ आले. मग लगेच आम्हा पाच जणांचं काढताना पसंतीचा डबा विचारतात त्या चौकोनात बी३ टाकलं. तो डबा मिळेलच अशी हमी नसते, पण लवकर काढलं तर बऱ्याचदा मिळतो, आम्हाला २६, २७, २९, ३०, ३१ मिळाले.

हे आकडे वाचायची एक सोपी युक्ती आहे, ती घरातल्या प्रत्येकाला शिकवा. स्लीपर आणि थ्री एसीत एका कप्प्यात आठ बर्थ असतात, सीट नंबरला ८ ने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी १ किंवा ४ म्हणजे लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर, आणि बाकी शून्य म्हणजे साइड अप्पर. आता आमचं बघा, २५ म्हणजे लोअर, आई. २० पण लोअर, बाबा, पण २० हा १७ ते २४ च्या कप्प्यात, म्हणजे अलीकडच्या. आम्ही बाकी सगळे २५ ते ३२ च्या कप्प्यात. रात्री बाबा एकटे पलीकडे आणि आमच्या कप्प्यातला २८ नंबरचा लोअर कुणा अनोळखी माणसाचा. म्हणून मी तक्त्यात २८ समोर पेन्सिलने लिहून ठेवलं, विनंती करायची, बदल्यात २० द्यायचा. लोक सीट बदलायला नाही म्हणतात कारण आपण त्यांचा लोअर मागतो आणि हातात अप्पर ठेवतो. इथे लोअरच्या बदल्यात लोअर, त्याच डब्यात, चार पावलांवर. २८ वर एक सतनाचे गृहस्थ होते, मी वाक्य पूर्ण करायच्या आधीच उठले. (टीसी आल्यावर त्याला सांगून ठेवलं, नाहीतर तो २० वर भलतंच नाव शोधत बसतो.)

बराच वाद झाला तो कुठून चढायचं यावर. आम्ही डोंबिवलीचे, कल्याण दोन स्टेशनांवर, गाडी तिथे थांबते, नवरा म्हणे उगाच सीएसएमटीपर्यंत उलटं कशाला जायचं. मी ऐकलं नाही. कल्याणला गाडी काही मिनिटंच थांबते, रात्री एकच्या सुमाराला सात माणसं, नऊ डाग, आणि डबा अपेक्षेपेक्षा चार डबे पुढे आला तर आईला पळवायचं का? सीएसएमटी हे सुरुवातीचं स्टेशन, गाडी आधी लागते, निवांत चढता येतं. आणि रात्री नऊनंतर गर्दी असते ती कल्याणकडे जाणाऱ्या लोकलला, मुंबईकडे येणाऱ्या लोकलमध्ये आरामात बसायला मिळतं. पण एकदा जे ठरवाल तेच तिकिटावर बोर्डिंग म्हणून असू द्या, तिकीट सीएसएमटीचं आणि चढलात कल्याणला तर तोवर टीसी सीट रिकामी समजून दुसऱ्याला देऊ शकतो.

प्लॅटफॉर्मचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला. सीएसएमटीला १ ते ७ लोकलचे आणि ८ ते १८ मेल-एक्सप्रेसचे, एवढं आधी लिहिता येतं. पुढचा नंबर आदल्या दिवशी लिहून ठेवणं म्हणजे स्वतःला फसवणं, तो रेल्वेच्या एनटीईएस अॅपवर किंवा १३९ या चौकशी नंबरवर त्या त्या वेळी बघायचा आणि शेवटी स्टेशनवरची घोषणा खरी मानायची. तक्ता शेवटी असा झाला, वेळा ढोबळ आहेत, तुम्ही तुमच्या तारखेच्या बघून घाला:

| स्टेशन | साधारण वेळ | प्लॅटफॉर्म | काय करायचं |
|---|---|---|---|
| सीएसएमटी | ११ ची रात्र, १२:१० | ८ ते १८ पैकी, बोर्ड बघून | ११:१५ पर्यंत हजर, २८ वाल्यांशी बोलणं |
| भुसावळ | १२, सकाळी ७ च्या सुमारास | मावशीला फोनवर | जेवणाचा डबा घेणं |
| इटारसी | दुपारी १२ च्या आसपास | | पाणी भरणं, बाबांची गोळी |
| जबलपूर | दुपारी साडेतीन-चार | | पाय मोकळे, चहा |
| सतना | संध्याकाळी | | जेवण काढणं |
| मिर्झापूर | रात्री उशिरा | | सगळ्यांना उठवणं |
| वाराणसी | १३, पहाटे | | शेवटचं स्टेशन, घाई नाही |

यातली भुसावळची ओळ आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. मावशी तिथे राहते, ती म्हणाली मी भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन येते. तिला नुसतं "बी३, सीट २५" सांगून काय उपयोग, लांबलचक फलाटावर ती बी३ शोधणार कुठे? तिला लागतो तो आकडा म्हणजे इंजिनापासून कितवा डबा. तो मी सीएसएमटीला चढायच्या आधी फलाटावर चालत मोजला आणि तिला रात्रीच मेसेज केला. सकाळी गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती आणि प्लॅटफॉर्मही तिला आधी कळला होता तो बदलला, पण फलाटावर डबा कितवा ते ठाऊक होतं म्हणून ती बरोबर दारासमोर उभी होती. भरीत अजून कोमट होतं.

उशिराचंही सांगते. चाळीस मिनिटं दिसली की पुढच्या सगळ्या ओळींत चाळीस मिळवायची, एवढं पोराला शिकवलं आणि पेन्सिल त्याच्याकडे दिली, तो प्रत्येक स्टेशनला खरी वेळ लिहीत बसला, जबलपूरला ती पंचावन्न झाली. पण शेवटच्या स्टेशनला हा हिशोब लावून निवांत झोपू नका. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात थोडा जास्तीचा वेळ धरलेला असतो, त्यात गाडी उशीर भरून काढते. आमचंही तसंच झालं, मिर्झापूरला उशीर होता आणि वाराणसीला जवळजवळ वेळेवर. म्हणून उठवायचा गजर मिर्झापूरच्या खऱ्या वेळेवर लावायचा, वाराणसीच्या हिशोबी वेळेवर नाही.

एक गोष्ट मात्र तक्त्यात नव्हती आणि ती बाबांनी घातली. मिर्झापूर गंगेच्या दक्षिणेला आणि काशी पलीकडच्या काठावर, त्यामुळे वाराणसीच्या जरा आधी गाडी मालवीय पुलावरून गंगा ओलांडते, १८८७ चा पूल तो, आणि पूल संपला की लगेच काशी नावाचं छोटं स्टेशन. बाबा मिर्झापूरपासून जागेच होते. पुलाचा तो खडखडाट सुरू झाला तसे ते दाराशी गेले, अंधारात घाटांचे दिवे लांबवर वळत गेलेले दिसत होते, आईने ओंजळ कपाळाला लावली. परत येऊन त्यांनी पोराच्या हातातली पेन्सिल घेतली आणि मिर्झापूर आणि वाराणसीच्या मधे एक ओळ स्वतः आखून लिहिलं, गंगा, ३ वाजून ५ मिनिटं.